फायनल इयर प्रोजेक्टसाठी प्लॅनिंग पोकर: पत्ते कसे टाकायचे, पॉइंट कसे काढायचे आणि पोट्टे कुठं चुकतात

प्रोजेक्टची टीम बनली की पहिल्याच रिव्ह्यूत गाईड विचारतात, किती दिवसात होईल रे? आणि टीममधला जो सगळ्यात बोलका असतो तो बाकीच्यांकडं न पाहता सांगून टाकतो, "सर, दीड महिना." बाकीचे चूप. मग जानेवारी येतो, फेब्रुवारी जातो, आणि लॉगिन स्क्रीनच्या पुढं गाडी सरकत नाही. आमच्याकडं यवतमाळ, वर्ध्याच्या कॉलेजांमधी हे दर वर्षी होऊन राहिलंय, आणि कारण पोट्टे आळशी आहेत हे नाही. कारण हे की अंदाज एकानं सांगितला, तोही दिवसात सांगितला, आणि काम नेमकं काय आहे यावर पाचही जण एकदाही सोबत बसून बोलले नाही.

प्लॅनिंग पोकर याच दुखण्यावर आहे. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मधी ही पद्धत लिहून काढली आणि माईक कोहन यांच्यामुळं ती जगभर पसरली. पद्धत एवढीच की कामाचा एक तुकडा, ज्याला स्टोरी म्हणतात, तो वाचायचा, प्रत्येकानं मनात आकडा ठरवायचा, पत्ता पालथा ठेवायचा, आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. आकडे जुळले तर पुढं चला, नाही जुळले तर बोला आणि परत टाका.

आता आकडा कशाचा, इथंच बहुतेकांची गाडी अडकते. आकडा तासाचा नाही, दिवसाचाही नाही. शेतात वेचणी संपल्यावर कापसाची गाठोडी बांधावर ठेवली असतात, त्यातलं एक किती किलोचं हे तुम्हाला-मला नजरेनं सांगता येणार नाही, पण दोन शेजारी ठेवली की जड कोणतं हे लगेच सांगता येतं, आणि हे त्याच्या साधारण दुप्पट आहे हेही सांगता येतं. रिलेटिव्ह सायझिंग म्हणजे एवढंच. एक काम माप म्हणून धरायचं आणि बाकी सगळी कामं त्याच्या शेजारी ठेवून पाहायची. त्या मापाला स्टोरी पॉइंट म्हणतात. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात: काम किती आहे, किती गुंतागुंतीचं आहे, आणि त्यात न समजलेलं किती आहे.

आता एक प्रोजेक्ट घेऊन पूर्ण करून दाखवतो, कारण व्याख्या वाचून हे डोक्यात बसत नाही.

प्रोजेक्ट असा धरा: कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब ठेवणारं मोबाईल ॲप. वेचणीला आलेल्या बायांचा कापूस रोज किलोत मोजला जातो, किलोमागं रेट ठरलेला असतो, आठवड्याला बाजाराच्या आधी पैसे द्यायचे असतात, आणि मधात कोणी उचल घेतली असली तर ती कापायची असते. हे सगळं आत्ता वहीत चालते. टीम पाच जणांची. डेटाबेसवाला, बॅकएंडवाला, स्क्रीन बनवणारी आणि टेस्टिंगवाली असे चौघं कोड लिहिणार. पाचवी जी आहे तिच्या घरी कापूस आहे, वडील स्वतः हिशोब करतात, म्हणून ॲपमधी काय पाहिजे हे ठरवणारी, म्हणजे प्रॉडक्ट ओनर, ती. पत्ते चौघं टाकणार, पाचवी प्रश्नांची उत्तरं देणार पण पत्ता टाकणार नाही. गाईडनंही टाकायचा नाही, त्यांच्या हातात मार्क असतात आणि त्यांनी ३ टाकला की समोरचा ८ टाकायची हिंमत करत नाही. जे काम करणार त्यांनीच साईज ठरवायची हे स्क्रम पद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाईड या पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलंय.

पहिली पायरी, पत्ते बनवा

ॲप आहेत, वेबसाईट आहेत, पण हॉस्टेलच्या वायफायचा भरोसा नसतो आणि टेबलावर कागद असला की पोरं मोबाईलमधी घुसत नाहीत, म्हणून मी कागदाचेच पत्ते सांगतो. जुन्या लग्नपत्रिका घ्या, जाड असतात आणि मागची बाजू कोरी असते. प्रत्येकाला आठ पत्ते: १, २, ३, ५, ८, १३, २० आणि प्रश्नचिन्ह. चौघांचे मिळून बत्तीस. विकतच्या संचात ०, अर्धा, ४०, १०० आणि चहा-कॉफीचा पत्ताही असतो, तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

४, ६, ७, ९ हे आकडे मुद्दाम सोडलेत. काम जितकं मोठं तितका अंदाज ढोबळ होतो. १ आणि २ मधला फरक सांगता येतो, पण हे काम ८ चं की ९ चं यावर भांडण्यात काही अर्थ नाही, तेवढं बारीक कोणालाच दिसत नाही. म्हणून आकडे जसे वाढतात तशी मधली जागाही वाढत जाते. गाईड म्हणाले ७ चा पत्ता का नाही, तर उत्तर हे आहे.

दुसरी पायरी, मापाची स्टोरी ठरवा

सगळ्यांना पूर्ण समजलेलं, लहान पण अगदीच फालतू नसलेलं काम निवडा. इथं ते असं: "मालक म्हणून मला मजुराचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर भरून सेव्ह करता यावं." एक स्क्रीन, एक टेबल, तीन रकाने, नंबर दहा आकडी आहे का ते तपासणं. याला २ द्या. १ द्यायचा मोह होतो पण देऊ नका, कारण मग याच्याहून लहान काम आलं की खाली जागाच उरत नाही. आपल्या प्रोजेक्टमधी ते लगेच आलंही: "सेव्ह केलेल्या मजुरांची यादी दिसावी." फक्त वाचून दाखवायचं आहे, म्हणून १.

ही २ ची स्टोरी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवा. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, हे काम त्याच्यापेक्षा किती मोठं? दोन-तीन स्प्रिंटनंतर, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, माप कोणाला आठवत नाही, मग जो तो आपल्या मनानं आकडे फेकतो आणि सप्टेंबरचा ५ आणि जानेवारीचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

इथंच एक चूक सांगतो, कारण ती यादी बनवतानाच होते. पोट्टे स्टोरीच्या जागी "डेटाबेस बनवणे", "फ्रंटएंड", "एपीआय" असे तुकडे पाडतात आणि त्यांना पॉइंट देतात. मग डेटाबेसवाल्याचं काम डेटाबेसवालाच सांगतो, बाकीचे मोबाईल पाहत बसतात, आणि तीन आठवड्यांनी डेटाबेस पूर्ण, एपीआय अर्धा, स्क्रीन नाही, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातात काहीच नाही. स्टोरी अशी पाहिजे की ती झाल्यावर शेतकरी ॲपमधी एक नवीन गोष्ट करू शकला पाहिजे. त्यात डेटाबेस, एपीआय, स्क्रीन, टेस्टिंग सगळं थोडं थोडं येतं, म्हणून चौघांचेही पत्ते लागतात.

तिसरी पायरी, पत्ते टाका

प्रॉडक्ट ओनर स्टोरी वाचते. दोन-तीन मिनिटं प्रश्न विचारा, पण या वेळात कोणीही आकडा तोंडातून काढायचा नाही. "हे तर सोपं आहे बे" असंही म्हणायचं नाही, कारण तोही आकडाच झाला. एकदा एक आकडा कानावर पडला की बाकीच्यांचं डोकं त्याच्याच आजूबाजूला फिरते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मधी हा अँकरिंगचा परिणाम मांडला होता, आणि टीममधी एक पोरगा कोडिंगमधी तेज असला की तो परिणाम फार जोरात दिसतो. पत्ता पालथा ठेवायचं कारण हेच.

सुट्टीत सगळे आपापल्या गावी असले तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे मागवतात, त्यात पहिल्यानं ५ टाकला की खाली रांगेनं ५, ५, ५. ते पोकर नाही. कॉलवर या, प्रत्येकानं आकडा टाईप करून ठेवा, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम सेंड दाबा. नेट स्लो असलं तर कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरा.

"रोजची वेचणी किलोत नोंदवता यावी" ही स्टोरी आली. पत्ते ३, ३, ३, २. एवढा फरक असला तर बसून राहू नका. २ वाल्याला विचारा, ३ चालतो का, हो म्हणाला की लिहा आणि पुढं चला.

मग आली "उचल कापून आठवड्याचा हिशोब दिसावा." पत्ते उलटले: २, ३, ३, ८.

हा क्षण नीट सांभाळायचा, पूर्ण पोकर याच्यासाठी खेळायचं असते. बहुतेक टीम इथं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर सरासरी काढतात, चौघांचे मिळून १६, भागिले ४, म्हणजे ४, आणि ४ चा पत्ता नाही म्हणून ५ लिहून टाकतात. किंवा ८ वाल्याकडं तिघं मिळून पाहतात आणि तो बिचारा पत्ता बदलतो. दोन्हीमधी ८ वाल्याला काय दिसलं ते कोणालाच कळत नाही. करायचं हे की सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या पत्त्यावाल्यानं आधी बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

२ टाकणारा बॅकएंडवाला म्हणाला, "किलो गुणिले रेट, वजा उचल. एक ओळ आहे." ८ टाकणारी टेस्टिंगवाली. ती म्हणाली, "आठवड्याच्या मधात रेट बदलला तर? आणि उचल कमाईपेक्षा जास्त असली तर?" मग तिनं कागदावर मांडून दाखवलं. सोमवारी ३८ किलो, मंगळवारी ४१, बुधवारी ३५, एकूण ११४ किलो, रेट धरा १० रुपये, झाले ११४०. शेवटच्या वेच्याला झाडावर कापूस कमी राहतो, हात जास्त फिरवावा लागतो, म्हणून बाया रेट वाढवून मागतात. तर गुरुवारपासून १२ रुपये. गुरुवारी ३३, शुक्रवारी ३०, म्हणजे ६३ किलोचे ७५६. आठवड्याचे एकूण १८९६ रुपये. आणि त्या बाईनं पोराच्या फीसाठी २५०० उचल घेतली आहे. आता ॲप काय दाखवणार, वजा ६०४?

प्रॉडक्ट ओनरनं तिथल्या तिथं वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "पूर्ण उचल कोणी कापते का? मंग ते बाई बाजार कशाचा करन? थोडी कापतो, बाकी पुढच्या हप्त्याले." म्हणजे किती कापायचं हे दर वेळी मालक ठरवणार, उरलेली उचल पुढं ओढली गेली पाहिजे, आणि रेटला तारीख पाहिजे. हे सगळं एका फोननं बाहेर आलं, आणि टेस्टिंगवालीनं ८ टाकला नसता तर हे डेमोच्या दिवशी कळलं असतं.

परत पत्ते टाकले. तारखेनुसार रेट बदलणं ही वेगळी स्टोरी केली, तिला ३. हिशोबाच्या स्टोरीला दुसऱ्या फेरीत ५, ५, ५, ८ आले. ८ वालीला विचारलं, ती ५ ला तयार झाली. तिसऱ्या फेरीनंतरही जुळत नसेल तर भांडत बसू नका, मोठा आकडा लिहा किंवा स्टोरी बाजूला ठेवा. त्या वेळी खरी अडचण माहिती नसण्याची असते, मतभेदाची नसते.

चौथी पायरी, मोठं असेल ते फोडा, माहीत नसेल ते शोधा

"शेतात नेटवर्क नसताना नोंद व्हावी आणि नंतर सिंक व्हावी." पत्ते ८, १३, १३, २०. आपल्या भागात ही स्टोरी टाळता येत नाही, शेतात रेंज नसतेच. पण १३ च्या वरचं काम विद्यार्थी टीमनं एका स्प्रिंटमधी घेऊच नये. २० चा पत्ता म्हणजे "आम्हाला यातलं नीट दिसत नाही" एवढाच अर्थ घ्या.

बोलताना कळलं की अवघड भाग एकच आहे: बाप आणि पोरगा दोघं आपापल्या फोनवरून एकाच बाईची त्याच दिवसाची नोंद करतात, एक ३८ लिहितो, दुसरा ३६, मग कोणती खरी? म्हणून तीन तुकडे केले. एकाच फोनवर, नेट नसताना नोंद फोनमधीच सेव्ह होणं, ३. रेंज आल्यावर ती सर्व्हरवर जाणं, ५. दोन फोनची नोंद भिडली तर मालकाला दाखवून ठरवायला लावणं, ८, आणि ही सध्या यादीत खाली. बेरीज १६ झाली, आधीच्या पत्त्यांशी जुळवायच्या मागं लागू नका, फोडल्यावर प्रत्येक तुकडा नव्यानं मापाशेजारी ठेवायचा असतो. आणि तुकडे कसे पाडलेत तेही पाहा: पहिला तुकडा झाला तरी शेतकरी शेतात उभा राहून नोंद करू शकतो.

मग "मोबाईल नंबरवर ओटीपी येऊन लॉगिन व्हावं." तिघांचं प्रश्नचिन्ह, एकाचा ३. प्रश्नचिन्हाला पोरं लाजतात, वाटते आपल्याला येत नाही हे दिसेल, म्हणून मधातला ५ टाकून मोकळे होतात. असं करू नका. प्रश्नचिन्ह जास्त आले की त्या कामाला पॉइंट न देता एक छोटं शोधकाम काढायचं, त्याला स्पाईक म्हणतात, आणि त्याला वेळेची मर्यादा द्यायची, इथं एक दिवस. एका दिवसात कळलं की भारतात स्वतःच्या नावानं असे एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नावाच्या टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर संस्थेचं रजिस्ट्रेशन लागते, विद्यार्थ्यांच्या टीमकडं ते नसते. तयार सेवा वापरता येतात, पण त्यांच्या अटी आणि खर्च पाहावा लागतो. प्रॉडक्ट ओनरनं ठरवलं, पहिल्या व्हर्जनमधी चार आकडी पिन पुरे. त्याला २.

पाचवी पायरी, पॉइंटचे दिवस कसे करायचे

"१ पॉइंट म्हणजे १ दिवस" असा तक्ता रिपोर्टमधी छापतात, ही विद्यार्थी टीमची सगळ्यात पक्की चूक. तसं केलं की पॉइंट म्हणजे दुसऱ्या नावाचे दिवसच झाले आणि भांडण परत तिथंच येते: बॅकएंडवाल्याला जे एका दिवसाचं ते स्क्रीनवालीला चार दिवसांचं, मग खरं कोणाचं? साईजवर मात्र दोघांचं जुळू शकते, की हे काम मजूर सेव्ह करण्याच्या दुप्पटीहून थोडं मोठं आहे. वेळ किती लागतो हे आधी ठरवायचं नसते, झालेल्या कामातून ते आपोआप निघते.

स्प्रिंट दोन आठवड्यांची धरा. पहिल्या स्प्रिंटमधी टीमनं यादी १, मजूर सेव्ह २, वेचणी नोंद ३, हिशोब ५ आणि पिन २ घेतले, एकूण १३. शेवटी हिशोबाची स्क्रीन दिसत होती पण उरलेली उचल पुढं जात नव्हती. बॅकएंडवाला म्हणाला, ऐंशी टक्के झालंय, ४ पॉइंट धरू. नाही धरायचे. झालं तर ५, नाही झालं तर ०. अर्धवटाचे पॉइंट मोजले की शेवटच्या महिन्यात सगळ्याच गोष्टी ऐंशी टक्के झालेल्या असतात. म्हणून त्या स्प्रिंटचे ८. याला व्हेलॉसिटी म्हणतात. आणि हिशोबाला फार वेळ लागला म्हणून त्याचे ५ मागून ८ करायचे नाहीत, नाहीतर सगळ्या यादीचं माप बिघडते.

दुसऱ्यात हिशोब ५, रेट ३ आणि फोनमधी सेव्ह ३ पूर्ण झाले, ११. तिसऱ्यात ९. सरासरी साधारण ९, सगळ्यात कमी ८, सगळ्यात जास्त ११. यादीत अजून ३४ पॉइंट उरलेत. ११ च्या वेगानं ३४ ला चार स्प्रिंट लागतात, ८ च्या वेगानं पाच. तर गाईडला एक तारीख सांगू नका, "आठ ते दहा आठवडे" असं सांगा आणि तीनही स्प्रिंटचे आकडे समोर ठेवा. सबमिशन आठ आठवड्यांच्या आत असेल तर आत्ताच प्रॉडक्ट ओनरसोबत बसा आणि खालच्या स्टोरी काढा, दोन फोनची ८ ची स्टोरी पहिली जाईल.

गाईडला व्हेलॉसिटी वाढताना दिसावी म्हणून काही टीम ३ चं काम ५ म्हणून लिहितात. आकडा फुगतो, काम तेवढंच राहते, आणि उरलेल्या यादीचा अंदाज त्याच हिशोबानं खोटा होतो. तसंच कोणी किती पॉइंट केले यावर मार्क वाटायची मागणी आली तर गाईडशी नम्रपणे बोला. पॉइंट टीमच्या स्टोरीचे असतात, एका स्टोरीत चौघांचे हात लागलेले असतात, आणि मार्कांशी बांधले की दुसऱ्या दिवसापासून कोणी ३ टाकत नाही. दुसऱ्या टीमची व्हेलॉसिटी २५ आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही, त्यांचं माप वेगळं, तुमचं वेगळं.

स्प्रिंटमधी दिवाळी आली, सोयाबीन काढणीला दोघं घरी गेले, किंवा इंटर्नल परीक्षा लागली तर व्हेलॉसिटी खाली येणारच. त्या वेळी पॉइंट बदलू नका, काम कमी घ्या. चौघांपैकी दोघंच आहेत तर ९ च्या जागी ४-५ पॉइंटच्या स्टोरी घ्या, आणि त्या स्प्रिंटच्या आकड्यापुढं वहीत कारण लिहून ठेवा, म्हणजे पुढची सरासरी काढताना तो आकडा धरायचा की सोडायचा हे टीमला ठरवता येईल.